कॉलेजच्या मित्राला वाढदिवसाची पोस्ट: ‘दुतोंड्या’ लिहू की नको?

गोदाकाठ

मंडळी, तातडीची मदत हवी आहे. परवा 14 ऑक्टोबरला माझ्या जिगरी दोस्ताचा वाढदिवस. 2006 ते 2010 नाशकात मेकॅनिकलला एकत्र होतो, त्यातली तीन वर्षं गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत एकाच खोलीत. खोलीत दोन कॉट, एक बादली आणि घरमालकीणकाकूंची करडी नजर. गडी निफाडकडचा, घरी द्राक्षबाग. आता चाकणला कंपनीत साहेब झालाय, हाताखाली चाळीसेक माणसं आहेत.

दरवर्षी मी ‘हॅपी बर्थडे भावा’ एवढं लिहून मोकळा होतो. यंदा जरा दणक्यात पोस्ट टाकायची आहे. कच्चा मसुदा देतो, बिनधास्त फाडा:

“जीटी सम्राट, काचफोड्या, छाटणी स्पेशालिस्ट, एम-थ्रीचा कायमचा रहिवासी, बादलीचोर, मॅगीतला हळदकांड फेम, निफाडची थंडी, आमचा लाडका दुतोंड्या याला वाढदिवसाच्या कचकून शुभेच्छा! पांडवलेण्यांच्या पायऱ्या आठवतात ना? आणि तो सोमेश्वरचा रविवार? बाकी इथे लिहीत नाही, तू समजून घे ;)”

कसं वाटतंय?

आडगाव नाका

एक नंबर. डोळे झाकून टाकून दे.

अर्धा कप

गोदाकाठ, खरं सांगू का? मला यातलं काहीही कळलं नाही. तुम्ही दोघं हसाल, मान्य. पण आम्ही बाकीचे लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसाशेजारी बसल्यासारखे बसणार.

आणि ‘दुतोंड्या’ म्हणजे? मित्र दुटप्पी आहे का? मग त्याला शुभेच्छा कशाला देताय?

रविवार कारंजा

अर्धा कप, तुम्ही नाशिकचे नाही हे एका वाक्यात कळलं :)

गोदाकाठ

@अर्धा कप, सांगतो. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पुढून एक तोंड, मागून एक तोंड. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर क्युसेक वगैरे विचारत नाही, विचारतो ‘मारुतीला कुठवर आलंय?’ गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. पेपरातही तसंच येतं.

2008 च्या सप्टेंबरात मोठा पूर आला तेव्हा आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो. आम्ही सगळे पाणी बघायला गेलो आणि तिथून पुढे या बाबाने सबमिशन मारुतीवर मोजायला सुरुवात केली. एक जर्नल राहिलं की गुडघा. दोन जर्नल आणि एक शीट म्हणजे कंबर. मशीन डिझाइनच्या सगळ्या शीट राहिल्या की गळा. आणि वर्ष जायची वेळ आली तर नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं. रात्री बाराला कुणीही दारातून डोकावून विचारायचं, ‘कुठवर?’ आणि हा कॉटवर पडल्या पडल्या हात नेमका त्या उंचीला धरायचा. म्हणून तो दुतोंड्या. दुटप्पीपणाशी काही संबंध नाही, उलट नको तितका सरळ माणूस आहे.

अर्धा कप

अहो मग हे लिहा की! ‘कॉटवर पडून हात नेमका त्या उंचीला धरायचा’ हे वाचून मला तो माणूस दिसला. वरच्या मसुद्यात आठ पदव्या आहेत, माणूस एकही नाही.

भगूरकर

वाढदिवस नाशकात करताय का? सोमेश्वरला जा, छान आहे. ऑक्टोबरात तिथल्या दूधसागर धबधब्याला पाणी असतं. केकची ऑर्डर मात्र आदल्या दिवशी द्या.

गोदाकाठ

@भगूरकर धन्यवाद, पण तो चाकणला आहे आणि मी नाशकात. प्रश्न पोस्टचा आहे.

भगूरकर

मग केक चाकणला पाठवा.

शेवटचा बाक

माझं मत स्पष्ट आहे. मैत्रीत सेन्सॉर नको. एम-थ्री, दुतोंड्या, सोमेश्वर, सगळं जाऊ दे. ज्याला कळायचं त्याला कळेल. हल्ली लोक फार जपून लिहितात, त्यामुळे सगळ्या पोस्टी बँकेच्या शुभेच्छा मेसेजसारख्या वाटायला लागल्यात.

नाहीतर सरळ ते ‘लाखो दिलों की धडकन, पोरींच्या काळजाचा ठोका, गावचा ढाण्या वाघ’ टाका. हमखास चालतं.

फ्लेक्सवाला

नमस्कार. मी नाव सार्थ करणारा माणूस आहे. नाशकात फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे, पंधरा वर्षं झाली. वाढदिवसाचं मॅटर रोज वाचतो, झोपेतही वाचतो. त्यामुळे अधिकाराने दोन गोष्टी सांगतो.

‘ढाण्या वाघ’ आता कुणी वाचत नाही. आमच्या कोरलमध्ये ते मॅटर तयारच पडलेलं असतं, फक्त फोटो आणि नाव बदलायचं. एका आठवड्यात एकाच चौकात तीन ढाण्या वाघ लागलेले मी पाहिलेत, आणि तिघांच्या फोटोला चष्मा एकच, कारण तो आमच्या डिझायनरने चिकटवलेला. म्हणजे शेवटचा बाक, तुमचं पहिलं म्हणणं बरोबर आणि दुसरं त्याच्या अगदी उलट. सेन्सॉर नको म्हणता आणि तयार मॅटर टाका म्हणता.

दुसरी गोष्ट. फ्लेक्स वाचणारा माणूस गाडीवर असतो. त्याच्याकडे पाच-सात शब्दांपुरता वेळ असतो. ते शब्द धरले नाहीत तर खाली काहीही छापा, पैसे वाया. फेसबुकवर तसंच आहे. वरच्या काही ओळी दिसतात, बाकीचं ‘आणखी वाचा’च्या मागे जातं. व्हॉट्सअॅपवर लांब मेसेजचं तेच. गोदाकाठभाऊंच्या मसुद्यात वरच्या ओळींत काय आहे? ‘जीटी सम्राट’. मेकॅनिकल नसलेल्या माणसाने पुढे का जावं?

वेलदोडा

जीटी म्हणजे काय हो खरंच?

रविवार कारंजा

ग्लास ट्रेसिंग. मित्राची पूर्ण झालेली ड्रॉइंग शीट खाली, आपली कोरी शीट वर, त्याखाली काच, काचेखाली बल्ब. उजेडात खालच्या रेषा वर दिसतात, त्या गिरवायच्या. मिनी ड्राफ्टर शोभेला. सरांनी विचारलं तर ‘दोन रात्री जागलो सर’ म्हणायचं, जे खरंच असतं.

वेलदोडा

आणि सरांना कळत नाही?

रविवार कारंजा

कळतं. मूळ शीटमध्ये एखादं माप चुकलेलं असतं, तेच चुकलेलं माप ओळीने बारा शीटवर दिसतं. आमच्या सरांनी एकदा एक माप मुद्दाम चुकीचं देऊन अख्खी बॅच पकडली होती.

सुगंधा

मी माझा अनुभव सांगते, त्यातून काय घ्यायचं ते घ्या.

माझी कॉलेजची मैत्रीण दर गुरुवारी उपास करायची. म्हणजे सांगायची. गुरुवारी आम्ही मिसळ खायला जायचो आणि ती पाव बाजूला सारून नुसती मिसळ खायची, ‘पाव नाही खाल्ला म्हणजे उपास मोडत नाही’ असं म्हणत. आमच्यात त्याला ‘बिनपावाचा गुरुवार’ म्हणतात. मागच्या वर्षी तिच्या वाढदिवसाला मी मोठ्या हौसेने लिहिलं, ‘बिनपावाच्या गुरुवारची संस्थापिका’. खाली कुणीतरी विचारलं, मी सविस्तर किस्सा लिहिला. अर्ध्या तासात तिच्या सासूबाईंची कॉमेंट: “मग आमच्याकडे सोळा वर्षं कुठला गुरुवार चाललाय?”

पुढे हसणारी एक बाहुली होती, पण ती खरी होती की नाही हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. मैत्रीण माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, आता त्या दर गुरुवारी माझ्या ताटाकडे बघतात.

आडगाव नाका

ह. ह. पु. वा. ‘कुठला गुरुवार चाललाय’!!

कानामात्रा

सुगंधाताई, तुमचा विनोद चांगलाच होता. चूक वाचणाऱ्यांच्या हिशेबात झाली.

मी पूर्वी एका साप्ताहिकात वाचकांचा मजकूर नीट करायचं काम करायचे, त्यात अशा शुभेच्छा भरपूर यायच्या. तिथे लागलेली एक सवय सांगते. मित्राबद्दलचा किस्सा लिहिण्याआधी मी एकच गोष्ट बघते: तो किस्सा तो स्वतः चारचौघांत सांगतो का? सांगत असेल तर बिनदिक्कत लिहावा, कारण तो त्याने आधीच पचवलाय. फक्त तुमच्या टोळीतच सांगत असेल तर तो टोळीचा. आणि कुठेच सांगत नसेल, तुम्हीच दरवेळी काढत असाल, तर त्याला तो आवडत नाही. तो फक्त हसून घेतो.

गोदाकाठ, तुमच्या यादीतली एकेक गोष्ट या चाळणीतून काढा बघू.

गोदाकाठ

काढतो.

काच: स्वतः सांगतो. त्याच्या लग्नात मांडवात उभा राहून सांगितली होती.
दुतोंड्या आणि हाताची उंची: सांगतो. मुलीलाही शिकवलंय, ती गृहपाठ किती राहिला ते हाताने दाखवते.
छाटणी: सांगतो.
एम-थ्री: आमच्यातच सांगतो. तो विषय तिसऱ्या खेपेला सुटला होता.
मॅगीतली हळद: ती खरं तर मी घातली होती.
सोमेश्वरचा रविवार: नाही. कधीच नाही. आत्ता लक्षात आलं, तो विषय दरवेळी मीच काढतो.

कानामात्रा

मग सोमेश्वर गेला. एम-थ्रीही जाऊ दे, चाळीस माणसं हाताखाली आहेत म्हणता.

शेवटचा बाक

एम-थ्रीला माझा तीव्र निषेध. तिसऱ्या खेपेला गणित सोडवून साहेब झालेला माणूस पाहून त्या चाळिसांतल्या दोघांना तरी बरं वाटेल.

कानामात्रा

मुद्दा चांगला आहे. पण ते त्याने सांगावं, वाढदिवसाच्या दिवशी दुसऱ्याने नाही.

शेवटचा बाक

यावर आपलं जमणार नाही. असो.

निफाडी

‘छाटणी’ काय प्रकार आहे? आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे द्राक्षांची गोडी छाटणी, कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. मित्र सुखी दिसतोय, ऑक्टोबरात वाढदिवस करतो.

गोदाकाठ

@निफाडी, नेमकं तेच! वाढदिवस 14 ऑक्टोबर, म्हणजे ऐन गोडी छाटणीत. त्यामुळे घरी कधी साजराच झाला नाही. आई मजुरांचा स्वयंपाक करण्यात, वडील पेस्टच्या बादल्या घेऊन बागेत. छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावायची असते ना, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. तर याला दहाव्या वाढदिवसाला पेस्ट लावायला बसवलं होतं. संध्याकाळी आईच्या लक्षात आलं, तिने गुळाचा शिरा केला. हे तो फार रंगवून सांगतो.

कॉलेजातही 14 तारखेच्या आसपास तो गावी. हजेरीला त्याचा नंबर आला की मागून सगळे एका सुरात, ‘छाटणीला गेलाय सर!’ पुढेपुढे कुणीही गैरहजर असला तरी तो छाटणीलाच गेलेला असायचा. अंधेरीहून आलेला एक पोरगासुद्धा.

निफाडी

ह्याला म्हणतात आमचा माणूस. अवांतर: छाटणीनंतर पाऊस झाला तर डावणी येते आणि वर्षाचं गणित बिघडतं, तेव्हा वाढदिवस कुणाच्या लक्षात राहतो. शिरा झाला म्हणजे त्या वर्षी हवा कोरडी असणार.

वेलदोडा

थांबा, मला एक कळलं नाही. मीही त्याच वयाच्या आसपासची, आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस 1 जूनला. तुमच्या मित्राचा खरा ऑक्टोबरातला असेल तर फेसबुक काय दाखवतं?

गोदाकाठ

1 जून! गुरुजींनी शाळेत घालताना लिहून टाकली, जून उजाडला की पोरगं पहिलीत बसवता यावं म्हणून. आधारपासून कंपनीपर्यंत सगळीकडे 1 जून. ऑफिसचा केकही त्याच दिवशी कापतात आणि हा गंभीर चेहऱ्याने कापून घेतो.

अर्धा कप

म्हणजे याचे वर्षातून दोन वाढदिवस?

गोदाकाठ

हो.

अर्धा कप

दोन वाढदिवस, दोन केक. खायला दोन तोंडं.

गोदाकाठ, तुमचा दुतोंड्या सुटला की हो! ज्याला मारुती माहीत आहे तो मारुती समजेल, आणि माझ्यासारख्याला दोन केक खाणारा माणूस दिसेल. दुटप्पीपणाचा वास कुणालाच येणार नाही. पण नावाच्या आधी केक आला पाहिजे. आधी दुतोंड्या आणि मग खुलासा असं केलंत तर ऑफिसवाले पहिल्या शब्दाला दचकतील आणि पुढचं वाचताना तोच शब्द डोक्यात ठेवतील.

रविवार कारंजा

बाहेरचा माणूस असून मारुती पार पोचला तुम्हाला. __/\__

फ्लेक्सवाला

पहिली ओळ मिळाली. आता तुम्हाला फ्लेक्सची नक्कल करायची असेल तर वाघ-बिघ सोडा आणि खालची पट्टी वापरा. फ्लेक्सवर सगळ्यात काळजीपूर्वक वाचली जाते ती ‘शुभेच्छुक’ची पट्टी. वर ज्याचा वाढदिवस त्याचा मोठा फोटो, खाली गोलात वीस छोटे फोटो. भांडणं होतात ती त्या गोलांच्या क्रमावरून, वरच्या फोटोवरून कधीच नाही. एकदा दोन मंडळांनी क्रमासाठी रात्री अकरापर्यंत दुकान उघडं ठेवायला लावलं होतं.

तर तुमच्या छोट्या खुणा, बादली, हळद वगैरे, त्या पट्टीत मंडळांची नावं म्हणून टाका. ज्याला कळल्या तो हसेल, ज्याला नाही कळल्या त्याला फ्लेक्सची चेष्टा म्हणून तरी चालतील. पण चार-पाचच. वीस झाले की आमच्या दुकानातला माल होतो.

आणि फोटो देणार असाल तर मूळ फाइल मागवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. निम्मे वाढदिवसवीर आमच्याकडे धुरकट चेहऱ्याने छापले जातात ते त्यामुळेच.

सुगंधा

आणि चौकात खराखुरा फ्लेक्स लावणार असाल तर महापालिकेची परवानगी घ्या हो. आमच्या भाच्याचा दुपारीच उतरवला.

गोदाकाठ

खरा फ्लेक्स नाही लावत ताई, बायको घराबाहेर काढेल.

जुना खोडकर

आमच्या वेळी ऑर्कुट होतं. टेस्टिमोनियल लिहायचं, आणि मित्राने मान्य केल्याशिवाय ते दिसायचं नाही. त्यामुळे त्यात वाट्टेल ते लिहिता यायचं. माझ्या एका मित्राने माझं टेस्टिमोनियल मान्यच केलं नाही, नुसतं वाचून ठेवून दिलं. 2014 ला ऑर्कुट बंद झालं, त्याबरोबर तेही गेलं. काय लिहिलं होतं ते आता आम्हा दोघांनाही आठवत नाही.

आडगाव नाका

फेसबुकवरही टॅग आधी तपासायची सोय आहे. मित्राने ती चालू ठेवली असेल तर त्याने मान्य केल्याशिवाय त्याच्या भिंतीवर येत नाही.

कानामात्रा

पण तुमच्या भिंतीवर तर दिसतेच, आणि दोघांचे मित्र तेच. त्या सोयीवर विसंबू नका.

काचेचा किस्सा अजून आलाच नाही इथे. मला वाटतं तोच पोस्टचा जीव असणार. लिहा ना, जसा घडला तसा.

गोदाकाठ

लिहितो.

ऑक्टोबर 2008. दुसऱ्या दिवशी मशीन डिझाइनचं सबमिशन. पाणी गळ्यापर्यंत. वर्गातल्या एका हुशार मुलीच्या शीट रात्री दहाला मिळाल्या, सकाळी सातला परत करायच्या बोलीवर. काच कुठून आणायची? घरमालकीणकाकू देवदर्शनाला गेल्या होत्या आणि त्यांच्या हॉलची किल्ली आमच्याकडे होती, झाडांना पाणी घालायला. त्यांच्या टीपॉयची काच उचलून आणली. दोन कॉटच्या मध्ये आडवी ठेवली, खाली शंभरचा बल्ब.

बल्ब काचेच्या फार जवळ होता. आता मी इंजिनिअर म्हणून सांगू शकतो की काच मध्येच तापते, कडा गार राहतात, आणि अशा काचेवर जरा भार पडला की संपलं. तेव्हा आम्ही फक्त नापास व्हायला घाबरणारे होतो. पहाटे तीनला दुतोंड्याने कोपर टेकवलं आणि टक्कन आवाज झाला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेष. इतकी सरळ रेष आमच्यातल्या कुणाला ड्राफ्टरने कधी मारता आली नाही.

काकू दोन दिवसांनी आल्या. विचारलं, काच कशी तडकली? हा पुढे होऊन म्हणाला, “थंडीनं, काकू.” बाहेर ऑक्टोबर हीट, पंखा पाचवर. काकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “निफाडची थंडी पिशवीत घालून आणतोस का रे?”

तेव्हापासून आमच्याकडे जे काही बिघडतं ते थंडीनं बिघडतं.

वेलदोडा

“निफाडची थंडी पिशवीत घालून”!! काकूंना माझा दंडवत.

निफाडी

काकूंना थंडी माहीत होती. डिसेंबर-जानेवारीत आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, काच कशाला, मणी तडकतात.

रविवार कारंजा

मला एक तांत्रिक शंका आहे. दोन कॉटच्या मध्ये काच, दोघं दोन्हीकडे बसून गिरवताय. कोपर त्याचंच होतं हे कशावरून?

गोदाकाठ

माझी शीट तेव्हा पूर्ण झाली होती. बहुतेक.

रविवार कारंजा

बहुतेक.

कानामात्रा

गोदाकाठ, किस्सा झकास आहे. भर घालू नका, हेच थोडं आखडून लिहा. काच तापण्याचं शास्त्र आणि हुशार मुलगी काढा, ते इथे छान वाटलं पण पोस्टमध्ये काकूंपर्यंत पोचायला वेळ लागेल. शेवट काकूंच्या वाक्यावर आणा. आणि ‘आठवतंय ना’ हा शब्दप्रयोग कुठेही नको. त्याला आठवतंय, म्हणूनच तर तो मित्र आहे. न आठवणाऱ्यांना तो शब्द दार लावून घेतल्यासारखा वाटतो.

अजून एक. अख्ख्या पोस्टमध्ये वेडेपणा त्याचाच आहे, तुम्ही कुठेच नाही. एखादा चटका स्वतःलाही लावून घ्या.

भगूरकर

केकवर मारुती काढून मिळतो का ते विचारा.

गोदाकाठ

रात्रभर बसून लिहिलं. आज सकाळी सात वाजता टाकलं. घ्या:

“वर्षातून दोनदा म्हातारा होणारा एकमेव निफाडकर!

शाळेच्या दाखल्यावर 1 जून, आईच्या हिशेबात 14 ऑक्टोबर. दोन वाढदिवस, दोन केक, म्हणून आमचा दुतोंड्या.

जन्मला ऐन गोडी छाटणीत, त्यामुळे दहाव्या वाढदिवसाला केकऐवजी याच्या हातात पेस्टची बादली होती. संध्याकाळी आईने शिरा केला. त्या शिऱ्याची चव हा इतकी रंगवून सांगतो की आम्ही सहाजण न खाता त्याचे साक्षीदार आहोत.

2008, सबमिशनची रात्र. घरमालकीणकाकूंच्या टीपॉयची काच, खाली शंभरचा बल्ब. पहाटे तीनला काच गेली. काकूंनी विचारलं, कशी तडकली? मी कॉटखाली लपलो. हा पुढे होऊन म्हणाला, ‘थंडीनं, काकू.’ महिना ऑक्टोबर. काकू म्हणाल्या, ‘निफाडची थंडी पिशवीत घालून आणतोस का रे?’

वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावा. पाणी अजून कमरेपर्यंतच आहे.

शुभेच्छुक: अखिल गंगापूर रोड काच बचाव समिती. एक बादली सहा जण मित्रमंडळ. छाटणीला गेलेले विद्यार्थी संघ (अंधेरी शाखा). मॅगीत हळद घालणारा, एकटाच.”

अर्धा कप

वा! ‘मी कॉटखाली लपलो’ खरं आहे का?

गोदाकाठ

दुर्दैवाने हो.

फ्लेक्सवाला

मॅटर पास. ‘एकटाच’ हा शब्द भारी पडलाय.

शेवटचा बाक

एम-थ्री असतं तर अजून मजा आली असती. पण चांगलं आहे, मान्य.

सुगंधा

सासुरवाडीकडून काही आलं का?

गोदाकाठ

आलं. सासरे म्हणतात, ‘जावईबापूंनी आम्हाला जन्मतारीख 1 जून सांगितली होती, पत्रिका कुठल्या तारखेने जुळवली?’ आता तिकडे तेवढाच विषय चालू आहे. वहिनींचा फोन आला होता, हसत होत्या, पण सुगंधाताईंच्या बाहुलीसारखंच, खात्री नाही.

ऑफिसमधल्या एका पोराने खाली लिहिलंय, ‘सर, कालचं मशीन थंडीनं बंद पडलं होतं.’ त्याला साहेबांनी हसणारं तोंड दिलंय.

कानामात्रा

पत्रिका माझ्या चाळणीतून सुटली. तारखेचं आधी विचारायला हवं होतं तुम्हाला, चूक माझीही आहे.

रविवार कारंजा

आणि खुद्द दुतोंड्या काय म्हणाला?

गोदाकाठ

पोस्टवर फक्त एक फोटो टाकला. स्वतःचाच, हात कमरेच्या उंचीला धरलेला.

मग व्हॉट्सअॅपवर ऑडिओ आला. पहिली चाळीस सेकंद नुसता हसतोय. शेवटी म्हणतो, “सगळं बरोबर लिहिलंस. पण कोपर तुझं होतं. मी पाणी प्यायला उठलो होतो. सोळा वर्षं झाली तरी बोललो नाही, आज वाढदिवस आहे म्हणून सांगतो.”

रविवार कारंजा

मी म्हटलं होतं.

गोदाकाठ

मला खरंच आठवत नाहीये मंडळी. माझी शीट पूर्ण झाली होती.

वेलदोडा

बहुतेक.

भगूरकर

केक पोचला का?